पहिला प्रश्न ‘ओनर की रेंटवर?’ नको!

गेल्या जूनमधली गोष्ट. आमच्या पुण्यातल्या सोसायटीत समोरच्या फ्लॅटमध्ये नवं बिऱ्हाड आलं. टेम्पो खाली उभा, लिफ्टमध्ये गादी अडकलेली आणि घामाघूम झालेली एक मुलगी माझ्याकडे बघून हसली. मी काय विचारावं? ‘‘ओनर की रेंटवर?’’ ती म्हणाली, ‘‘रेंटवर.’’ आणि हसू गायब! पुढचे दोन महिने आमचं नातं म्हणजे लिफ्टमध्ये मान हलवणं.

ऑगस्टमध्ये एका दुपारी तिच्या दाराखालून पाणी वाहायला लागलं. सकाळी पाणी गेलं तेव्हा नळ उघडा राहिला होता. ती ऑफिसात. तिचा नंबर ना माझ्याकडे, ना वॉचमनकडे; रजिस्टरमध्ये फक्त घरमालकाचा, आणि तो फोन उचलेना. शेवटी वॉचमनने गच्चीवर जाऊन आमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला. तोवर तिची जमिनीवरची गादी आणि पुस्तकांचे खोके भिजले होते. एक फोन करता आला असता, तर हे टळलं असतं.

मग दिवाळीनंतर शेजारी एक जोडपं आलं, तेव्हा मी शहाणी झाले होते. सामान येतं त्या दिवशी फक्त थंड पाण्याची बाटली दिली आणि नाव सांगितलं, बस्स. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमाराला गेले. बेल एकदाच वाजवली. ‘या ना’ म्हणाले, तरी उंबऱ्याबाहेरच थांबले. खोके उघडलेले नसताना पाहुणा कुणाला हवा असतो? हातात एक कागद दिला. त्यावर पाण्याची वेळ, ओला-सुका कचरा न्यायला येण्याची वेळ, प्लंबरचा नंबर आणि खाली माझा. ‘‘वाटलं तर मिस्ड कॉल द्या,’’ एवढंच म्हटलं. नंबर मागितला नाही. तो द्यायचा की नाही, हे त्यांनी ठरवायचं.

खाऊ नेला, तोही कागदी पुड्यात. स्टीलचा डबा नेला, की तो रिकामा परत कसा द्यायचा, या काळजीत नवी माणसं गॅस जोडायच्या आधीच अडकतात. डबा पंधरा दिवसांनी!

आडनाव, गाव, लग्न, भाडं, ‘नॉनव्हेज खाता का?’ हे प्रश्न मी गिळले. घर शोधताना एजंट आणि मालकांनी ते दहादा विचारलेले असतात. आपण विचारले, की पुन्हा इंटरव्ह्यू सुरू झाल्यासारखं वाटतं. आणि समोरच्याचा हात दाराच्या कडीवरच असेल, उत्तरं एका शब्दात येत असतील, तर ‘चला, येते’ म्हणून निघावं.

दोन मिनिटांत मी परतले. रात्री नऊला मिस्ड कॉल आला.

आणि समोरची? तिच्याकडेही गेले, कागद घेऊन. आधी ‘सॉरी’ म्हटलं. ती म्हणाली, ‘‘अगं, आत तरी ये!’’