रात्रपाळीपर्यंत पोचणारं आभारपत्र

धाकट्या भावाला डिस्चार्ज मिळाला त्या सकाळी मी दोन किलो पेढे घेऊन ठाण्याच्या रुग्णालयात गेले. अकरा वाजता वॉर्डात वाटले. ड्यूटीवर असलेल्या सिस्टर, एक ब्रदर, मावशी, सगळ्यांच्या हातावर ठेवले. परतताना कशेळीचा पूल ओलांडून काल्हेरच्या गोदामांच्या रांगा दिसू लागल्या, तेव्हा भाऊ हळूच म्हणाला, "ताई, रात्रीच्या सिस्टरला दिलेस का?"

दिले नव्हते. तिचं नावही मला माहीत नव्हतं.

त्या प्रश्नापासून मी जे शिकले ते इथे नीट सांगते, कारण काल्हेर-पूर्णा भागातून महिनोन्‌महिने ठाण्या-मुंबईच्या रुग्णालयांत खेपा घालणारी घरं बरीच आहेत. आभार मानायची इच्छा सगळ्यांनाच असते, पण ते मानायचे कोणाचे आणि कसे, हे कोणी सांगत नाही.

भावाला गिया-बारे झाला होता. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात ज्याची साथ आली, तोच जीबीएस. जुलाब किंवा सर्दी-तापाचा संसर्ग होऊन गेल्यावर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती नसांवर उलटते. आधी पाय जातात, मग हात, आणि काहींच्या बाबतीत श्वासाचे स्नायूही. भाऊ एकूण ७१ दिवस रुग्णालयात होता. त्यातले ३८ दिवस आयसीयूत व्हेंटिलेटरवर, उरलेले ३३ वॉर्डात. या आजारातली खरी परीक्षा अशी, की माणूस पुरता जागा असतो. ऐकतो, समजतो, दुखलेलं कळतं, पण बोट हलवता येत नाही आणि गळ्यातल्या नळीमुळे बोलताही येत नाही.

अशा माणसासाठी सिस्टर नेमकं काय करतात, हे आम्हाला पूर्ण कळलं ते घरी आल्यावर, त्याच्या तोंडून. दर दोन तासांनी कूस बदलायची. एका जागी सतत दाब राहिला की तिथलं रक्त थांबतं आणि माकडहाड, टाच, खुबा इथली कातडी मरायला लागते. सुरुवात साध्या लालीने होते. बोटाने दाबलं आणि लाली क्षणभर फिकी पडली, तर अजून वेळ आहे; दाबूनही लाली तशीच राहिली, तर जखम सुरू झाली असं समजायचं. दिवसाला बारा वेळा म्हटलं, तर ३८ दिवसांत ४५६ वेळा दोन-तीन जणांनी मिळून त्याला वळवलं. भावाच्या पाठीवर आज एकही व्रण नाही. या कामाची खूण हीच, की दाखवायला काहीच उरत नाही. केईएमच्या परिचारिकांनी आपल्या सहकारी अरुणा शानबाग यांना १९७३ पासून २०१५ पर्यंत सांभाळलं. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या शुश्रूषेचं कौतुक केलं, तेव्हा इतक्या वर्षांत एकही बेडसोर झाला नाही ही गोष्ट त्यात होती.

दुसरं काम सक्शनचं. गळ्यातल्या नळीत कफ साठला की श्वास अडतो. बारीक नळी आत घालून तो ओढून काढायचा, आणि एका वेळी पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही, कारण तेवढा वेळ रुग्णाला हवा कमी पडते. भाऊ सांगतो, प्रत्येक वेळी बुडाल्यासारखं वाटायचं. रात्रपाळीची एक सिस्टर आधी कानाशी सांगायची, "आता नळी घालते, मी मोजते, दहापर्यंत." आणि खरंच मोठ्याने मोजायची. दहा आकड्यांनंतर सुटका आहे एवढं कळलं की ते सोसवत होतं. एकदा डोळे मिटले की हो, दोनदा मिटले की नाही, ही खूणही तिनेच बसवली होती.

आता आभारांकडे येते. पेढे फक्त त्या वेळच्या पाळीला मिळतात. सकाळ, दुपार, रात्र अशा पाळ्या फिरत्या असतात, त्यात आयसीयूची आणि वॉर्डाची माणसं वेगळी. डिस्चार्ज वॉर्डातून होतो, तोही दिवसा. म्हणून ज्यांनी सर्वांत अवघड दिवस काढले, त्यांच्यापर्यंत काहीच जात नाही. त्यावर उपाय म्हणजे लेखी पत्र.

नावं मिळवायची तर आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टरना भेटावं. ड्यूटी लिस्ट त्यांच्याकडे असते. सकाळी राउंड चालू असताना किंवा पाळी बदलताना जाऊ नये, कारण तेव्हा एक पाळी दुसरीला प्रत्येक रुग्णाची माहिती देत असते आणि तिथली एक चुकलेली ओळ महागात पडते. दुपारी तीनच्या सुमाराला जरा उसंत असते. मी तारखा सांगितल्या, मोजण्याची गोष्ट सांगितली, आणि त्या लगेच म्हणाल्या, "कळलं कोण ते."

पत्र वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे लिहावं, प्रत अधिसेविकांना, म्हणजे मेट्रनना. रुग्णाचं नाव, दाखल नोंदणी क्रमांक आणि तारखा वर घालाव्यात. दोन प्रती न्याव्यात, एक आवक विभागात देऊन दुसरीवर शिक्का आणि तारीख घ्यावी. पत्र कार्यालयात नोंदलं गेलं, याचा तेवढाच पुरावा असतो. मजकुरात "सर्वांनी खूप सेवा केली" एवढंच असेल, तर ते पत्र कोणाचंच होत नाही. आमच्या पत्रातलं एक वाक्य असं होतं: "रात्रपाळीतील अधिपरिचारिका सक्शनपूर्वी रुग्णास कल्पना देत व मोठ्याने आकडे मोजत, त्यामुळे रुग्णाची भीती कमी झाली." पुढे त्यांचं नाव. असं वाचलं की मेट्रनना ते नव्या मुलींना शिकवतानाही वापरता येतं.

मावशी आणि वॉर्डबॉय यांच्यासाठी वेगळा परिच्छेद लिहावा. पुष्कळ ठिकाणी ही माणसं कंत्राटदारामार्फत असतात आणि रुग्णालयाच्या आस्थापनेवर त्यांची नस्तीच नसते. म्हणून आम्ही त्यांना पत्राची एकेक प्रत हातात दिली. दुसरीकडे कामाला लागताना ती दाखवता येते. भावाचे केस दर आठवड्याला विंचरून तेल लावणाऱ्या मावशींनी ती प्रत घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली, ते दृश्य मी विसरणार नाही.

पैसे मात्र देऊ नयेत. सरकारी रुग्णालयात तर मुळीच नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ भेटवस्तूंवर बंधन घालतात, आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. आपण मनापासून दिलेली नोट शेजारच्या खाटेजवळच्या गरीब नातेवाइकाला द्यावीच लागणारी वाटते, हे मला कायद्याहून मोठं कारण वाटतं. खाऊ द्यायचाच तर बंद पाकिटातला, डिस्चार्जनंतर, आणि रात्रपाळीच्या नावाचा डबा वेगळा. आयसीयूत फुलं नेऊ नयेत. वॉर्डाला एखादी वस्तू द्यावीशी वाटली, तर इन्चार्जना गरज विचारून कार्यालयामार्फत पावती घेऊनच द्यावी.

आणखी एक गोष्ट शेवटी केली, खरं तर ती आधी सुचायला हवी होती. आयसीयूतली माणसं रुग्णाला बरा झालेला सहसा पाहतच नाहीत. त्यांच्या हातून तो नळ्यांसकट वॉर्डात जातो आणि तिथेच त्यांची गोष्ट तुटते. म्हणून चार महिन्यांनी, ओपीडीच्या तारखेला, रात्रपाळी सुरू होण्याची वेळ इन्चार्जना विचारून आम्ही संध्याकाळपर्यंत थांबलो. भाऊ काठी टेकत आयसीयूच्या दाराबाहेर उभा राहिला. आत गेलो नाही, फोटो काढला नाही. आत दुसऱ्यांची माणसं होती.

तीन-चार सिस्टर बाहेर आल्या. मोजणाऱ्या सिस्टरचा चेहरा त्याला आठवत नव्हता, कारण महिनाभर त्याने बहुतेक छत आणि भिंतीच पाहिल्या होत्या. त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "एकदा मोजा ना."

तिने चारपर्यंत मोजलं. पुढचे आकडे भावाने तिच्याबरोबर मोजले.