आधी विक्री, मग खरेदी

मागच्या भागात मार्जिनची ओळख झाली. या वेळी मंदीचा सौदा, म्हणजे शॉर्ट सेलिंग. यात आपल्याकडे नसलेला शेअर आधी विकायचा आणि भाव पडला की स्वस्तात विकत घेऊन द्यायचा.

नसलेला शेअर द्यायचा कसा? उसना घेऊन. आपल्याकडे २००८ पासून त्यासाठी एसएलबी नावाची व्यवस्था आहे. ज्याचे शेअर डीमॅट खात्यात नुसते पडून असतात तो ते ठरावीक मुदतीसाठी उसने देतो आणि प्रत्येक शेअरमागे शुल्क घेतो. मधल्या काळात लाभांश जाहीर झाला, तर तेवढी रक्कमही उसने घेणाऱ्याने भरायची. मूळ मालक उसने देणाराच ना!

आता सोलापूरच्या बालाजी अमाइन्सचा शेअर घेऊ. मार्च २०२० च्या पडझडीत तो तीनशेच्या खाली होता; ऑक्टोबर २०२१ मध्ये पाच हजारांवर पोचला. अशा शेअरला उसने देणारा सहसा मिळत नाही, पण गणितापुरता मिळाला असं धरू.

तीनशेच्या भावाने कोणी शंभर शेअर उसने घेऊन विकले. तीस हजार आले, पण ते खर्चायला हाती येत नाहीत. तारण म्हणून अडकून राहतात. वर मार्जिन, समजा पंधरा हजार. कंपनी बुडाली आणि भाव शून्य झाला, तरी कमाई तीस हजारच, कारण शून्याखाली भाव नाही.

भाव सहाशे झाला की तोटा तीस हजार. मार्जिन साडेचारशेलाच संपलेलं असतं. दलालाचा फोन येतो, पैसे भरा. नाही भरले तर तो चालू भावाने खरेदी करून सौदा मिटवतो. भरत गेलो आणि पाच हजारांपर्यंत तग धरली, तर तोटा चार लाख सत्तर हजार. भावाला वर छत नाही, म्हणून तोट्यालाही नाही.

इथे एक गोष्ट सहसा निसटते. शेअर घेऊन बसलेल्याचा भाव पडला की त्याची गुंतवणूक आपोआप लहान होते. मंदीवाल्याचं उलट होतं. चूक जसजशी वाढते, तसतसा सौद्याचा आकारही वाढतो. तीस हजारांचा सौदा सहाशेच्या भावाला साठ हजारांचा झालेला असतो. शिवाय असे सगळे अडकलेले एकदम खरेदीला धावले, तर त्यांच्याच खरेदीने भाव आणखी चढतो.

आपल्याकडचे बहुतेक लोक उसनवारीत पडतच नाहीत. सकाळी विकून दुपारपर्यंत परत घेतात. पण त्याच दिवशी शेअरला वरचं सर्किट लागलं, तर विकणाराच उरत नाही. मग डिलिव्हरी देता येत नाही आणि बाजार तुमच्या वतीने लिलावात शेअर विकत घेतो. लिलावातही मिळाला नाही, तर मधल्या काळातला सर्वोच्च भाव किंवा लिलावाच्या दिवशीच्या बंद भावावर वीस टक्के, यांतला जो जास्त, त्या भावाने तुमच्या खात्यातून पैसे वळते होतात.