आव एक, आजार दोन

1933 च्या उन्हाळ्यात शिकागो शहरात मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. लाखो पाहुणे आले, हॉटेलांत उतरले, तिथले पाणी प्यायले आणि आपापल्या गावी परतले. काही आठवड्यांनी त्यांच्यापैकी अनेकांच्या पोटात दुखू लागले, शौचावाटे रक्त आणि आव पडू लागली. रुग्ण दूरदूरच्या शहरांत विखुरलेले असल्याने ही एकच साथ आहे हे कुणाच्या ध्यानात येईना. काहींना अपेंडिक्सचा आजार समजून टेबलावर घेण्यात आले आणि व्रणांनी आधीच पोखरलेल्या आतड्याला ती शस्त्रक्रिया सोसली नाही. अखेर शेजारशेजारच्या दोन हॉटेलांच्या नळजोडणीत दोष सापडला. सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळत होते. या साथीत हजाराहून अधिक लोक आजारी पडले आणि मृतांची संख्या शंभराच्या जवळ गेली. टेक्सास गिनन ही त्या काळची गाजलेली अभिनेत्री त्यांतलीच एक. हा आजार अमीबाचा होता.

त्याआधी, 1897 मध्ये, जपानमध्ये आवेची वेगळीच साथ आली होती. सहा महिन्यांत 90 हजारांहून अधिक लोकांना तिने गाठले आणि दर पाच रुग्णांमागे साधारण एक दगावला. इथे माणूस आठवड्यांनी नव्हे, एक ते तीन दिवसांतच अंथरूण धरत होता. टोकियोत कियोशी शिगा या तरुण डॉक्टरने रुग्णांच्या शौचातून एक जिवाणू वेगळा काढला. पुढे त्या जिवाणूंच्या कुळाला त्याच्याच नावावरून ‘शिगेला’ म्हणू लागले.

आपल्याकडे दोन्ही आजारांना ‘रक्ती आव’च म्हणतात. पण एकावरचे औषध दुसऱ्यावर चालत नाही, आणि घोटाळा होतो तो इथेच.

शिगेलाचे दहा ते शंभर जंतूही आजार घडवायला पुरतात, कारण जठरातल्या आम्लातून ते जिवंत सुटतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरात शिरून ते एका पेशीतून शेजारच्या पेशीत पसरत जातात. शरीर पांढऱ्या पेशींची फौज तिथे धाडते आणि सगळे अस्तर सुजून लाल होते. जोराचा ताप, पोटातला मुरडा, सारखे कुंथणे ही लक्षणे त्या सुजेतूनच येतात.

अमीबाची रीत संथ आहे. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून त्याचे कवचबंद रूप, म्हणजे सिस्ट, पोटात जाते. आतड्यात कवच फुटून हलता अमीबा बाहेर पडतो. संसर्ग झालेल्या दहांपैकी नऊ जणांना तो काहीच त्रास देत नाही. उरलेल्यांत तो अस्तराच्या पेशी मारतो आणि चंबूसारखे, तोंडाशी अरुंद आणि आत रुंद, असे व्रण पोखरतो. दोन व्रणांमधले अस्तर मात्र बरेचदा धडधाकट असते. जवळ येणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही अमीबा मारून टाकतो, म्हणून तिथे पू फारसा साचत नाही.

आता दवाखान्यात नेहमी दिसणारे दोन रुग्ण समोर धरू. चार वर्षांच्या मुलीला संध्याकाळी 102 अंश ताप भरला. रात्री पोटात कळा सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिला पंधरा-वीस वेळा शी झाली, पण प्रत्येक वेळी चमचाभरच, आणि तिच्यात मळ जवळजवळ नव्हताच. होते ते लाल रक्त आणि चिकट आव, तेही फारसा वास नसलेले. पोर कुंथून कुंथून रडत होती. असा ताप चढला की लहान मुलांना झटकेही येऊ शकतात. दुसरा रुग्ण चाळिशीतला पुरुष. त्याला तीन आठवड्यांपासून दिवसाला सहा-सात वेळा जावे लागते. मळ भरपूर, त्याला सडका वास, आणि त्यातच काळपट रक्त व आव मिसळलेली. उजव्या कुशीत खाली दुखते, पण ताप नाही आणि तो रोज कामावर जातो आहे. मुलीचे चित्र शिगेलाचे आहे, पुरुषाचे अमीबाचे. प्रत्येक रुग्ण इतका ठळक नसतो, म्हणून शौचाची तपासणी लागते.

सूक्ष्मदर्शकाखाली मुलीच्या शौचात पू-पेशींची गर्दी दिसते आणि तांबड्या पेशी सुट्या-सुट्या विखुरलेल्या असतात. पुरुषाच्या शौचात पू-पेशी मोजक्या, तांबड्या पेशींचे पुंजके आणि कधीकधी सुईसारखे टोकदार स्फटिक दिसतात. पण अमीबाच्या आवेचा खरा पुरावा एकच: सरपटत हलणारा आणि पोटात तांबड्या रक्तपेशी गिळलेला अमीबा. तो दिसायचा तर नमुना कोमट आणि ताजा हवा, शक्यतो अर्ध्या तासाच्या आतला. सकाळी डबीत घेतलेले शौच दुपारी प्रयोगशाळेत पोचले, तर अमीबा निपचित पडतो आणि ओळखू येत नाही.

इथे दोन फसगती ठरलेल्या. शिगेलाच्या आवेत शरीराच्या स्वतःच्या मोठ्या भक्षक पेशी येतात. त्याही तांबड्या पेशी गिळतात आणि घाईत पाहणाऱ्याला अमीबासारख्या वाटतात. दुसरी फसगत सिस्टची. रिपोर्टवर ‘सिस्ट दिसल्या’ एवढे वाचून आजार अमीबाचाच असे ठरवता येत नाही. त्या सिस्ट निरोगी माणसात नांदणाऱ्या अमीबाच्या असू शकतात. शिवाय एंटअमीबा डिस्पार नावाचा एक निरुपद्रवी भाऊबंद आहे, ज्याच्या सिस्ट हुबेहूब तशाच दिसतात. हे दोन वेगळे जीव असल्याचे शास्त्रज्ञांनी 1993 मध्ये रीतसर मांडले. त्यांच्यात फरक करायला प्रतिजन किंवा पीसीआर चाचणी लागते. शिगेलासाठी शौचाचे कल्चर करतात. त्यातून जंतूवर कोणते औषध चालेल हेही कळते.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस स्पष्ट आहे. लहान मुलाच्या शौचात रक्त दिसले, तर आधी शिगेला समजून उपचार करायचे. रक्तपेशी गिळलेला अमीबा प्रत्यक्ष दिसला, किंवा शिगेलावरची दोन वेगवेगळी प्रतिजैविके देऊनही गुण आला नाही, तरच अमीबाचे औषध. प्रत्यक्षात आपल्याकडे घराघरांत उलटे घडते. आव म्हटली की मेट्रोनिडाझोलची गोळी येते. शिगेलावर ती काहीच करत नाही आणि मुलाचे मोलाचे दोन-तीन दिवस वाया जातात.

त्या मुलीला हवे ते जलसंजीवनीचे पाणी, चालू ठेवलेले खाणे, झिंक आणि डॉक्टरांनी निवडलेले प्रतिजैविक. वजनाप्रमाणे सिप्रोफ्लॉक्सासिन, दिवसातून दोनदा, तीन दिवस, हा परिपाठ होता. अनेक ठिकाणी जंतू आता त्याला जुमानत नाहीत, म्हणून ॲझिथ्रोमायसिन किंवा सेफ्ट्रिॲक्सोन वापरावे लागते. दोन दिवसांत ताप आणि रक्त कमी झाले नाही, तर औषध बदलायला हवे. जुलाब बांधणारी गोळी मात्र अशा मुलाला देऊ नये, तिने जंतू आणि विष आतच कोंडले जाते. शिगाने शोधलेल्या मूळ जातीचे विष रक्तपेशी फोडून मूत्रपिंडेही निकामी करू शकते. आवेच्या मुलाची लघवी कमी झाली आणि चेहरा पांढराफटक पडला, तर तासाचाही उशीर नको.

अमीबाचा दुसरा अवतार याहून फसवा असतो. आतड्यातला अमीबा रक्तावाटे यकृतात जातो आणि तिथे गळू होते. आतड्याच्या उजव्या भागातले रक्त बहुतांशी यकृताच्या उजव्या खंडाकडे वाहते, म्हणून गळू सहसा तिथेच. रुग्ण बहुधा वीस ते पन्नास वयाचा पुरुष असतो. बायकांपेक्षा पुरुषांत हा आजार कितीतरी पटींनी जास्त दिसतो आणि भारतातल्या रुग्णांत दारू पिणारे बरेच असतात.

असा रुग्ण येतो तो पोटाची तक्रार घेऊन नव्हे. दहा-बारा दिवस थंडी वाजून ताप, उजव्या बरगड्यांखाली दुखणे, खोल श्वास घेतला की कळ, कधी उजव्या खांद्यात ठणका. मलेरिया आणि टायफॉइडच्या तपासण्या होतात, त्यात काही निघत नाही. कावीळ क्वचितच असते. जुलाब बहुतेकांना त्या वेळी नसतातच, आव होऊन गेलेली असेल तर ती काही महिन्यांपूर्वी. शौचाचा रिपोर्ट बहुधा स्वच्छ येतो, आणि त्याच्यावर विसंबून यकृताचा विचार बाजूला पडतो. अनुभवी डॉक्टर उजव्या बरगड्यांच्या फटीत बोट दाबून पाहतात. रुग्ण कळवळला की सोनोग्राफी. तिथे उजव्या खंडात सात-आठ सेंटिमीटरची पोकळी दिसते. रक्तातली अमीबाविरोधी प्रतिपिंडांची चाचणी निदान पक्के करायला मदत करते, मात्र पहिल्या आठवड्यात ती निगेटिव्ह येऊ शकते आणि जुन्या संसर्गानंतर वर्षानुवर्षे पॉझिटिव्ह राहू शकते.

सुईने काढलेला पू चॉकलेटी रंगाचा, दाट आणि बहुधा बिनवासाचा असतो. तो खरे तर पू नव्हेच, ते विरघळलेले यकृत. त्यात अमीबा क्वचित सापडतो, कारण तो गळवाच्या भिंतीशी असतो. पण सुई प्रत्येकाला लागत नाही. मेट्रोनिडाझोल, बहुतेकदा 400 मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, सात ते दहा दिवस, एवढ्याने बहुतेक गळवे बरी होतात. तीन-चार दिवसांत ताप उतरतो. तो उतरला नाही, गळू फार मोठे असले, फुटायच्या बेतात असले किंवा डाव्या खंडात असले, तर पू काढावा लागतो. डाव्या खंडातले गळू हृदयाच्या आवरणात फुटू शकते, हे सर्वांत भयंकर.

एके काळी या गळवाने माणसे हमखास जात. 1912 मध्ये कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी एमेटिनची इंजेक्शने वापरून दाखवली, पण त्यांचा हृदयावर वाईट परिणाम होई. मेट्रोनिडाझोल अमीबाच्या आवेवर आणि गळवावर चालते, हे 1966 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन इथल्या डॉक्टरांनी दाखवून दिले.

या औषधाचीही एक मर्यादा आहे. ते यकृतात आणि आतड्याच्या भिंतीत चांगले पोचते, पण आतड्याच्या पोकळीतल्या सिस्ट त्याने संपत नाहीत. म्हणून त्यानंतर डायलोक्सानाइड फ्युरोएट, 500 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दहा दिवस, किंवा पॅरोमोमायसिन द्यावे लागते. ताप गेला, भूक लागली, म्हणून पुष्कळ जण हा दुसरा भाग घेतच नाहीत. मग उरलेल्या सिस्टपासून पुन्हा गळू होऊ शकते, आणि तोवर घरातल्या इतरांनाही संसर्ग जात राहतो. सोनोग्राफीत मात्र गळवाची पोकळी कित्येक महिने दिसत राहते. रुग्ण ठणठणीत असेल तर तेवढ्यासाठी औषध लांबवायची गरज नसते.

मुलाच्या शौचात रक्त दिसले तर घरातली उरलेली गोळी देऊ नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. घरातल्या पुरुषाचा ताप उतरत नसेल आणि उजव्या बरगड्या दुखत असतील, तर शौचाचा रिपोर्ट कितीही चांगला असो, सोनोग्राफी करून घ्या. आणि अमीबाचा उपचार सुरू झाला असेल, तर दुसऱ्या औषधाची शेवटची गोळी संपेपर्यंत तो सोडू नका.