‘कोणाला’ म्हणजे नेहमी ‘हूम’ नव्हे

शुक्रवारची संध्याकाळ. एका ऑफिसातला अधिकारी घरी निघण्याआधी वरिष्ठांना घाईघाईने ई-मेल लिहितो आहे, अशी कल्पना करा. मजकूर चारच वाक्यांचा. ‘प्लीज कीप धिस बिट्वीन यू अँड आय. द कॅन्डिडेट हूम वी बिलीव्ह इज सूटेबल इज फ्रॉम नाशिक. शी विल मीट सुनील अँड आय ऑन मंडे. काइंडली फॉरवर्ड हर पेपर्स टू हूमएव्हर इज हँडलिंग पेरोल.’ वाचायला भारदस्त वाटतं. पण चारही वाक्यांत एकेक चूक आहे, आणि गंमत म्हणजे चारही चुका जास्त शुद्ध लिहिण्याच्या हौसेतून झालेल्या आहेत. हाच माणूस मित्राला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहीत असता तर यातली एकही चूक बहुधा झाली नसती.

पहिली चूक मराठी माणसाने तर करूच नये अशी. ‘हे तुमच्या-माझ्यातच राहू द्या’ असं आपण म्हणतो. ‘तुमच्यात आणि मी’ असं शाळेत न गेलेला माणूसही म्हणत नाही. ‘मी’ला शब्दयोगी अव्यय किंवा प्रत्यय लागला की त्याचं ‘माझ्या’ होतं, हे आपल्या जिभेलाच ठाऊक असतं. इंग्रजीतही तसंच आहे. ‘बिट्वीन’, ‘फॉर’, ‘विथ’, ‘टू’ यांच्यानंतर ‘आय’चं ‘मी’ होतं. (इंग्रजीतला ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’ किंवा ‘माझ्या’, हा योगायोग मराठी मुलांना पाचवीत छळतो, तो वेगळा.) म्हणून ‘बिट्वीन यू अँड मी’.

मग ‘आय’ येतो कुठून? लहानपणी ‘मी अँड माय फ्रेंड वेंट’ असं म्हटल्यावर शिक्षक दटावतात, ‘माय फ्रेंड अँड आय’ म्हण. कर्ता असताना ते बरोबरच आहे. पण मुलाच्या डोक्यात नियम उरतो तो एवढाच, की ‘अँड’नंतर ‘आय’ म्हणणं सभ्य आणि ‘मी’ म्हणणं गावठी. पुढे नोकरीत जरा अदबीने लिहायची वेळ आली की हा ‘आय’ नको तिथेही घुसतो. भाषाशास्त्रात याला अतिशुद्धी म्हणतात.

तरी सगळा दोष मास्तरांना देता येत नाही. शेक्सपिअरच्या ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मध्ये अँटोनिओ बसानिओला पत्र पाठवतो आणि त्या पत्रात ‘बिट्वीन यू अँड आय’ असंच लिहिलेलं आहे. नाटक सोळाव्या शतकाच्या शेवटचं. म्हणजे ही चूक चारशे वर्षांहून जुनी आहे, आणि तीही पत्रातलीच. पण हा दाखला बॉसपुढे ठेवण्यात अर्थ नाही. आजच्या औपचारिक इंग्रजीत ती चूकच धरली जाते.

तिसऱ्या वाक्यातला ‘सुनील अँड आय’ पकडायला सोपा. सुनीलला क्षणभर बाजूला काढायचं. ‘शी विल मीट आय’ असं कोणी लिहील का? नाही, म्हणून ‘सुनील अँड मी’. ‘बिट्वीन’ला मात्र ही युक्ती चालत नाही, कारण ‘एकाच्यामध्ये’ काही असू शकत नाही. तिथे दोघांना एकत्र करायचं. ‘बिट्वीन वी’ की ‘बिट्वीन अस’? ‘अस’, म्हणून ‘मी’. आय की मी या पेचातून सुटायला काही जण ‘प्लीज कॉन्टॅक्ट सुनील ऑर मायसेल्फ’ लिहितात. तेही टाळावं. तिथे साधा ‘मी’ पुरतो.

आता ‘हू’ आणि ‘हूम’. इथे मराठी कान आधी मदत करतो आणि मग दगा देतो. ‘कोण’ म्हणजे ‘हू’, ‘कोणाला’ म्हणजे ‘हूम’, असा ठोकताळा अनेकांनी मनाशी बांधलेला असतो. ‘तुम्ही कोणाला भेटलात?’ याला तो बरोबर लागू पडतो. पण ‘हे कोणाला माहीत आहे?’ याचं काय? इंग्रजीत ते ‘हू नोज धिस?’ होतं, ‘हूम’ नव्हे. ‘कोणाला सुट्टी हवी आहे?’ याचंही ‘हू वॉन्ट्स लीव्ह?’ होतं. माहीत असणं, हवं असणं, आवडणं, वाटणं, ताप येणं हे सगळं मराठीत माणसा‘ला’ होतं. इंग्रजीत मात्र तोच माणूस कर्ता होऊन बसतो. त्यामुळे ‘ला’ दिसला की ‘हूम’ लिहिणारा मराठी माणूस अशा वाक्यांत हमखास फसतो.

त्यापेक्षा प्रश्नाचं उत्तर इंग्रजीतच देऊन पाहावं. उत्तरात ‘ही’ आला तर ‘हू’, ‘हिम’ आला तर ‘हूम’. ‘ही नोज’, म्हणून ‘हू नोज’. ‘यू मेट हिम’, म्हणून ‘हूम डिड यू मीट’. ‘हिम’, ‘देम’ आणि ‘हूम’ यांच्या शेवटचा ‘म’ एकाच घराण्यातला आहे. आपल्या चतुर्थीच्या ‘ला’सारखा एक जुना विभक्तिप्रत्यय त्यात शिल्लक राहिला आहे. इंग्रजीने बाकीच्या बहुतेक विभक्ती केव्हाच टाकून दिल्या.

दुसरं वाक्य याच कसोटीवर लावू. ‘हूम वी बिलीव्ह इज सूटेबल’ यात ‘वी बिलीव्ह’ हे मध्येच घुसलेलं पाहुणं आहे. त्याला उठवलं की ‘शी इज सूटेबल’ उरतं. इथे ‘हर’ला जागा नाही, म्हणून ‘हू वी बिलीव्ह इज सूटेबल’. सराईत लिहिणारेही इथे घसरतात, कारण ‘बिलीव्ह’ डोळ्यांसमोर असल्यामुळे आधीचा शब्द त्याचं कर्म वाटतो.

चौथं वाक्य सर्वांत चकवणारं. ‘टू’ आहे म्हणजे ‘हूमएव्हर’ हवं, असं कोणालाही वाटेल. तेच वाक्य मराठीत म्हणून पाहा. ‘जो कोणी पगाराचं काम पाहत असेल, त्याला पाठवा.’ मराठीत इथे दोन शब्द आहेत, ‘जो’ आणि ‘त्याला’. काम पाहणारा ‘जो’ कर्ता आहे आणि ‘ला’ लागलाय तो ‘त्या’ला. इंग्रजी ‘त्याला’ गिळून टाकते आणि फक्त ‘जो’ ठेवते. म्हणून ‘टू हूएव्हर इज हँडलिंग पेरोल’. जो-तो जोडी करून पाहिली की हा गुंता सुटतो, आणि ही सोय इंग्रजी माणसाकडे नाही.

‘हूम’ मुळात किती दिवस टिकणार, हाही प्रश्न आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर यांनी 1921 साली ‘लँग्वेज’ या पुस्तकात भाकीत केलं होतं की, दोनेकशे वर्षांत अगदी विद्वान कायदेपंडितसुद्धा प्रश्नाच्या सुरुवातीला ‘हूम’ म्हणणार नाही. निम्मा काळ उलटला आहे आणि बोलण्यात ते जवळजवळ खरं झालं आहे. ‘हू शुड आय कॉन्टॅक्ट?’ असं ई-मेलमध्ये लिहिलं तर आज क्वचितच कोणाच्या कपाळाला आठी पडेल. ‘हूम’ अजून ठाण मांडून बसलाय तो ‘विथ’, ‘फ्रॉम’, ‘टू’ यांच्या लगेच मागे. बोनाफाइड सर्टिफिकेटच्या माथ्यावरचं ‘टू हूम इट मे कन्सर्न’ हे त्याचं आपल्या सर्वांच्या ओळखीचं ठिकाण. तेव्हा ‘द क्लाएंट विथ हूम वी स्पोक’ यासारख्या जागी ‘हूम’ लिहा, आणि इतरत्र शंका आली तर ‘हू’ लिहून मेल पाठवून द्या.