जुन्या मॅनेजरची सही मागताना

एक्सप्रेस एन्ट्रीतून कॅनडात कायम राहण्यासाठी निमंत्रण आलं की पूर्ण अर्ज भरायला ६० दिवस मिळतात. त्यात अनेकांचं घोडं जुन्या नोकरीच्या पत्रापाशी अडतं. रिलीव्हिंग लेटरवर बहुधा हुद्दा आणि तारखाच असतात. कॅनडाच्या अधिकाऱ्याला मात्र प्रत्यक्ष काम, आठवड्याचे तास आणि वार्षिक पगारही लेटरहेडवर हवा असतो. एचआर ठरलेल्या नमुन्यापलीकडे जात नसेल, तर जुन्या मॅनेजरचा दरवाजा ठोठवावा लागतो.

‘मॅडम, एक रेफरन्स लेटर मिळेल का?’ एवढाच मेसेज गेला तर उत्तर लांबतं, आणि त्यात मॅडमचा दोष नाही. पत्र कोणासाठी, त्यात काय लिहायचं, आपण कशात अडकणार तर नाही ना, हे सगळं त्यांनीच शोधायचं. चार वर्षांपूर्वी कोण काय करत होतं, हे आठवतही नाही.

पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टर असलेल्या एखाद्याने असं लिहावं:

‘नमस्कार मॅडम, मी २०१९ ते २०२२ तुमच्या टीममध्ये बँकिंग अ‍ॅपचं टेस्टिंग करत होतो. कॅनडाच्या अर्जासाठी तेव्हाच्या कामाचं पत्र हवं आहे. एचआरकडे विचारलं, ते फक्त तारखांचं पत्र देतात. कच्चा मसुदा आणि रिलीव्हिंग लेटर सोबत जोडलं आहे. कामं वाचून जे बरोबर वाटत नाही ते खोडा. पगाराचा आकडा सॅलरी स्लिपवरून घेतला आहे, तीही जोडली आहे. २० तारखेपर्यंत सही मिळाली तर बरं होईल. कंपनीच्या नियमात बसत नसेल तर मोकळेपणाने सांगा, मी दुसरी सोय पाहीन.’

यात मॅडमना उरतं ते फक्त वाचणं आणि सही करणं. शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. नकाराची वाट मोकळी असेल तर नाही म्हणायचं असलेला माणूसही लवकर कळवतो, आणि ६० दिवसांत लवकर मिळालेला नकारही उपयोगी पडतो.

मसुदा लिहिताना एक मोह टाळावा. कॅनडाच्या व्यवसाय-यादीत टेस्टरसाठी २२२२२ हा क्रमांक आहे आणि त्याखाली कामांचं वर्णन दिलेलं आहे. ते जसंच्या तसं उतरवलं की पत्र बनावट वाटतं. आपण खरोखर केलेली कामं, आपल्या प्रोजेक्टच्या भाषेत लिहावीत. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षं कॅनडाचे दरवाजे बंद होतात, आणि त्या कागदावर सही मॅडमची असते.

मॅडमनीही ती कंपनी सोडली असेल तर लेटरहेड मिळत नाही. मग त्यांनी साध्या कागदावर आपला तेव्हाचा हुद्दा आणि आताचा संपर्क देऊन निवेदन लिहावं. सोबत रिलीव्हिंग लेटर, सॅलरी स्लिप, फॉर्म १६ आणि कंपनीने तपशीलवार पत्र नाकारल्याचा ईमेल जोडावा. लेटरहेडवरचं पत्र का नाही, ते अर्जदाराने वेगळ्या पत्रात सांगावं. असा संच मान्य करायचा की नाही, हे शेवटी अधिकारी ठरवतो. म्हणून एचआरकडची विचारणा तोंडी न ठेवता ईमेलवरच करावी.