सहा गुणांचे पत्र

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या प्रश्नपत्रिकेत शेवटचा विभाग उपयोजित लेखनाचा असतो. ८० गुणांपैकी २४ गुण या विभागाचे आणि त्यातले ६ पत्राचे. पत्राला सारांशलेखनाचा पर्याय असतो, तरी बरीच मुले पत्रच निवडतात. प्रारूप पाठ असले की निम्मी लढाई जिंकली, असे त्यांना शिकवणीपासून घरापर्यंत सगळ्यांनी सांगितलेले असते. मी अनेक वर्षे माध्यमिक शाळेत मराठी शिकवली, पेपर काढले आणि तपासले. प्रारूपाने निम्मी लढाई जिंकता येत असेल, तर दोष मुलाचा नसतो. तो प्रश्न काढणाऱ्याचा आणि गुण वाटणाऱ्याचा असतो, हे मला जरा उशिराच कळले.

एका सराव परीक्षेत मी असा प्रश्न घातला होता : ‘वृक्षारोपणासाठी रोपांची मागणी करणारे पत्र लिहा.’ एवढेच. पेपर तपासायला घेतले आणि गठ्ठ्यातल्या बहुतेक पत्रांत मला झाडांवरचे निबंध सापडले. झाडे प्राणवायू देतात, झाडे तोडल्याने पाऊस कमी झाला, संतांनीही वृक्षांना सोयरे मानले. शेवटच्या ओळीत ‘तरी आम्हाला रोपे द्यावीत ही विनंती’. वर प्रति, विषय, महोदय सगळे जागच्या जागी. या पत्रांना आशयाचे गुण कशावरून कापायचे? मी प्रश्नात काही दिलेच नव्हते, मग मुलाने काय गाळले हे कसे सांगणार? मुलाला पत्रात काय लिहायचे ते माहीत नव्हते आणि मलाही उत्तरात काय शोधायचे ते ठरवता येत नव्हते.

पत्राच्या प्रश्नात चार गोष्टी लागतात. कोण लिहिणार, कोणाला लिहिणार, कशासाठी लिहिणार आणि त्या व्यवहारातल्या अटी काय. म्हणून तर बोर्डाच्या पद्धतीच्या कृतीत आधी एखादी जाहिरात किंवा सूचनाफलक छापलेला असतो आणि त्याखाली ‘विद्यार्थी प्रतिनिधी या नात्याने’ असे शब्द येतात. पत्ता आणि नावही प्रश्नातच द्यावे लागते. उत्तरपत्रिकेवर मुलाची ओळख पटेल असे काही लिहायला मनाई असते आणि पत्र तर नावाशिवाय पुरे होत नाही. आमच्या पिढीने यावर ‘अ. ब. क.’ हा तोडगा काढला होता. नाव न दिलेल्या प्रश्नात दरवर्षी एखादे प्रामाणिक पोर स्वतःचे नाव, घर क्रमांक आणि गल्ली लिहून मोकळे होते.

पुढच्या वर्षी तोच प्रश्न मी पुन्हा घातला, पण वर एक चौकट काढून. तालुका रोपवाटिकेत कडुनिंब, करंज, आवळा, बहावा यांची रोपे उपलब्ध. शाळांना ४० रोपांपर्यंत मोफत. मागणी किमान ८ दिवस आधी लेखी कळवावी. रोपे नेण्याची व्यवस्था शाळेने करावी. चौकटीखाली विद्यार्थी प्रतिनिधीचे नाव, शाळेचा पत्ता आणि ‘मागणीपत्र लिहा’.

निबंध तेव्हाही आले, पण या वेळी ते निबंध आहेत हे दाखवता आले. त्या परीक्षेतली दोन पत्रे माझ्या चांगली लक्षात आहेत, कारण त्यांच्यावरून शिक्षकांच्या खोलीत वाद झाला होता. पहिले पत्र मोत्याच्या दाण्यांसारख्या अक्षरात होते. दिनांक, प्रति, विषय, संदर्भ, महोदय, ‘आपली विश्वासू’, खाली पत्ता आणि ई-मेल, सगळे डाव्या समासाला धरून, आता लिहायचे तसे. मजकूर असा :

‘मी शाळेची विद्यार्थी प्रतिनिधी या नात्याने हे पत्र लिहीत आहे. आमच्या शाळेत वृक्षारोपण सप्ताह साजरा होणार आहे. वृक्ष हे मानवाचे खरे मित्र आहेत. ते आपल्याला प्राणवायू, सावली, फळे आणि फुले देतात. आज निसर्गाचा समतोल ढासळत आहे. तरी आपण आम्हाला काही रोपे उपलब्ध करून द्यावीत, ही नम्र विनंती.’

दुसऱ्या पत्रात विषयाची ओळ नव्हती, खाली पत्ताही नव्हता. मजकूर :

‘तुमची जाहीरात शाळेच्या फळ्यावर वाचली. आमच्या शाळेच्या कुंपनालगत जागा मोकळी आहे. तिथे लावन्यासाठी आमाला कडुनिंबाची १५ आणि करंजाची १० रोपे पायजेत. १ जुलैला सकाळी ९ वाजता दोन शिक्षक आणि आम्ही पाच मुले टेम्पो घेऊन येऊ. पाणी घालायचे काम आठवीच्या मुलांनी घेतले आहे.’ वर तारीख होती २२ जून.

माझ्या एका सहकारी बाईंनी पहिल्याला ५ दिले आणि दुसऱ्याला ३. मला ते उलटे वाटत होते. दोघेही एकगठ्ठा गुण देत होतो, त्यामुळे कोणाचे काय चुकते ते दाखवता येईना. मग पत्राखाली तीन खाने आखले : प्रारूपाला १ गुण, आशयाला ३, भाषेला २. आशयाच्या ३ गुणांत पुन्हा एकेक ठरवला. आपण कोण आणि रोपे कशासाठी हवीत याला १, कोणती आणि किती याला १, कधी आणि कशी नेणार याला १.

पहिले पत्र प्रारूपात पूर्ण १. आशयात ओळख आणि कारणाचा १, ‘काही रोपे’ला अर्धा, नेण्याच्या व्यवस्थेला शून्य. भाषेचे दोन्ही गुण. एकूण साडेचार. दुसऱ्या पत्राला प्रारूपाचा अर्धा, आशयाचे तिन्ही, भाषेचा १. एकूण तेही साडेचार! बाई हसल्या, म्हणाल्या, ‘‘मिटला ना वाद, सर?’’ मला काही तो मिटलेला वाटेना. रोपवाटिकेच्या व्यवस्थापकाच्या टेबलावर ही दोन पत्रे गेली, तर दुसऱ्यावर तो लगेच २५ रोपे बाजूला काढून ठेवील. पहिल्याला त्याला उलट पत्र पाठवून विचारावे लागेल, की बाई, किती आणि कोणती?

म्हणून आम्ही विभागणी बदलली. प्रारूप १, आशय ४, भाषा १, आणि आशयात ‘कोणती व किती’ याला २. नव्या हिशेबात पहिल्या पत्राला साडेतीन मिळाले : प्रारूपाचा १, आशयाचे दीड, भाषेचा १. दुसऱ्याला ५ : प्रारूपाचा अर्धा, आशयाचे ४, भाषेचा अर्धा. सीबीएसईच्या दहावीच्या हिंदीत ५ गुणांच्या पत्राची वाटणी प्रारूप १, आशय ३ आणि भाषा १ अशी असते. तिथेही कल तोच दिसतो. भाषेला एकच गुण ठेवल्याने भाषा स्वस्त होईल, अशी बाईंची हरकत होती आणि ती पोकळ नव्हती. मात्र शुद्धलेखनाला आणि व्याकरणाला प्रश्नपत्रिकेत भाषाभ्यासाचा १६ गुणांचा वेगळा विभाग आहे. पत्रात मजकूर तपासायला दुसरी जागा नाही.

खाने पडले तरी एक खोड राहते, एकाच चुकीला दोनदा कापण्याची. ‘विषय’ लिहिला नाही म्हणून प्रारूपात अर्धा गुण गेला, आणि तपासणारा पुढे आशयातही ‘विषय स्पष्ट नाही’ म्हणून कापतो. विषयाची ओळ नसली तरी पहिल्या दोन वाक्यांत काम कळत असेल, तर आशयाचा गुण द्यायलाच हवा. तसेच ‘आमाला’ आणि ‘पायजेत’ यांचे. त्या मुलाच्या घरी तसेच बोलतात. लेखी अर्जात ‘आम्हाला’ आणि ‘हवी आहेत’ लागते, हे त्याला शिकवायचे आणि त्याची वजावट भाषेच्या खान्यात एकदाच करायची. ण आणि न यांची अदलाबदल चार ठिकाणी झाली, तरी ती एकच चूक. तोच शब्द पुन्हा पुन्हा लाल करून कागद रक्तबंबाळ करण्यात आम्हा मराठीच्या मास्तरांना कसले समाधान मिळते, देव जाणे.

घरगुती पत्रात हे खाने जसेच्या तसे चालत नाहीत. तिथे प्रारूप म्हणजे मुख्यतः मायना : ‘ती. बाबांस’, ‘चि.’, ‘प्रिय’, आणि शेवटी त्याला शोभेल असा निरोप. वर ‘ती. आईस साष्टांग नमस्कार’ आणि खाली ‘तू कशी आहेस?’ असे लिहिले म्हणून मुलाचा गुण कापलेला मी पाहिला आहे. तपासणाऱ्याला तीर्थरूप आणि ‘तू’ एका पत्रात बसले नाहीत. पण मराठी घरात आईला ‘तू’ म्हणायचे आणि बाबांना ‘तुम्ही’, ही आजही सर्रास रीत आहे. काही घरांत बाबांनाही ‘तू’. तो घरचा व्यवहार झाला, त्याला परीक्षकाने हात लावू नये. कापायचेच तर आत्याला लिहिलेल्या पत्राच्या शेवटी ‘आपला विश्वासू’ आले की कापावे, आणि ते फार वेळा येते. अर्जाचे प्रारूप एवढे घोटून घेतलेले असते, की पोर आत्याशीही अर्जातच बोलते.

अभिनंदनाच्या पत्रात तर आशयाचे तुकडे पाडणेच अवघड जाते. प्रश्नात ‘मैत्रिणीला चित्रकला स्पर्धेत पारितोषिक मिळाले’ एवढेच असेल, तर चार ओळींच्या पत्राला किती आणि पानभराच्या पत्राला किती द्यायचे? मी प्रश्नातच एक तपशील जोडू लागलो : ‘तुम्ही दोघींनी मिळून सराव केला होता.’ मग ज्या मुलीने त्या सरावाची एखादी आठवण पत्रात आणली, तिला तो गुण मिळे. बाकीच्या ‘तुझे यश ऐकून ऊर भरून आला’ पाशी थांबत. फरक कुठे पडला ते मुलींना पेपर हातात घेतल्यावर दाखवताही येई.

सहामाहीचा किंवा घटक चाचणीचा पेपर काढणाऱ्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. पत्राच्या प्रश्नाखाली गुणविभागणीची ओळ छापा, आणि पेपर छापायला देण्याआधी स्वतः ते पत्र पंधरा मिनिटांत लिहून पाहा. आशयाच्या खान्यात लिहायला तुम्हालाच काही सापडले नाही, तर प्रश्न बदला.