एका इडलीत किती कॅलरी?

आमच्या डॉर्मिटरीत माझ्या शेजारच्या पलंगावर झोपणारा मित्र बॉक्सिंगच्या संघात आहे. गेल्या टर्ममध्ये वजनगट सांभाळायचा म्हणून त्याने खाण्याची वही ठेवायला सुरुवात केली. इडलीच्या दिवशी तो दोनच इडल्या घ्यायचा आणि वहीत २७० कॅलरी लिहायचा. केळ्याचेही तसेच. तिसऱ्या आठवड्यात संध्याकाळच्या खेळाच्या तासाला त्याला घेरी आली आणि त्याला एमआय रूममध्ये न्यावे लागले. तिथल्या डॉक्टरांनी वही पाहिली आणि विचारले, "हा १३५ आकडा एका इडलीचा आहे की शंभर ग्रॅमचा?" त्याला सांगता येईना. मलाही आले नसते. म्हणून जीवशास्त्राच्या सरांच्या मदतीने मी हा हिशोब शिकलो. तोच इथे मांडतो.

पोषणमूल्यांच्या बहुतेक तक्त्यांत आकडे शंभर ग्रॅमचे असतात, कारण इडली कुठे लहान तर कुठे मोठी असते. आपण मात्र नग मोजतो. म्हणून आधी एका नगाचे वजन हवे. सूत्र सोपे आहे:

एका नगाचे मूल्य = तक्त्यातील मूल्य × नगाचे वजन (ग्रॅम) ÷ १००

वजन एकाच इडलीचे करू नये. मेसमधील आण्णांच्या परवानगीने आम्ही दहा इडल्या काट्यावर ठेवल्या. सांबार न घालता, वाफ निघून गेल्यावर. भरल्या ४२० ग्रॅम, म्हणजे एक इडली ४२ ग्रॅमची. १३५ × ४२ ÷ १०० केले तर ५७ कॅलरी येतात. मित्राच्या दोन इडल्या २७० कॅलरींच्या नव्हत्या, ११४ च्या होत्या. तो भरपूर खाल्ले असे समजून निम्म्याहून कमी खात होता आणि त्यावर रोज पीटी, परेड आणि बॉक्सिंग करत होता. (रोजच्या बोलण्यातली कॅलरी म्हणजे किलोकॅलरी. मीही तोच शब्द वापरतो आहे.)

पण १३५ हा आकडा तरी बरोबर कशावरून? वेगवेगळ्या ठिकाणी इडलीचे वेगवेगळे आकडे मिळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०१७चा तक्ता पाहिला, तर त्यात मुख्यतः कच्चे पदार्थ आहेत. तांदूळ आहे, उडीद डाळ आहे, शिजवलेली इडली नाही. अशा वेळी जिन्नसांवरून हिशोब करावा. आण्णांनी आमच्यासाठी वेगळा घाणा काढला: ६०० ग्रॅम तांदूळ आणि २०० ग्रॅम उडीद डाळ, दोन्ही कोरडे असताना तोललेले. त्याच्या ५० इडल्या झाल्या.

संस्थेच्या जुन्या तक्त्यात शंभर ग्रॅम तांदळाला ३४५ आणि उडीद डाळीला ३४७ कॅलरी आहेत. तांदळाचे २०७० आणि डाळीचे ६९४ मिळून २७६४ झाले. पन्नासने भागले की एका इडलीला ५५. नव्या तक्त्यात तांदळासमोर १४९१ दिसते. ते पाहून मी दचकलो होतो, पण तो आकडा किलोज्यूलमध्ये आहे. ४.१८४ ने भागल्यावर ३५६ कॅलरी होतात. डाळीचे १३५६ किलोज्यूल म्हणजे ३२४ कॅलरी. या आकड्यांनी केले तर एका इडलीला ५६ येतात. दोन तक्त्यांत डाळीचा फरक २३ कॅलरींचा आहे, तरी इडलीत तो एकावर आला, कारण एकात तांदूळ जास्त आहे आणि दुसऱ्यात डाळ. साच्याला लावलेले तेल धरले तरी दर इडलीमागे एक-दोन कॅलरीच वाढतात.

यावरून एक खूणही कळली. कोरड्या धान्यात शंभर ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात, तर इडलीत निम्म्याहून जास्त पाणी असते. म्हणून कुठे इडलीसमोर शंभर ग्रॅमला ३४० लिहिलेले दिसले, तर तो आकडा बहुधा कोरड्या पिठाचा असतो, वाफवलेल्या इडलीचा नसतो.

आता केळे. इथे वजनातच फसगत होते, कारण तक्त्यातील शंभर ग्रॅम हे खाण्यायोग्य भागाचे असतात, सालीसकट नव्हे. आमची पाच केळी सालीसकट ७०० ग्रॅम भरली आणि सोलल्यावर ४५५. म्हणजे एका केळ्याचे वजन १४० नव्हे, ९१ ग्रॅम धरायचे.

आणि तक्ते? संस्थेच्या जुन्या तक्त्यात पिकलेल्या केळ्याला ११६ कॅलरी, तर अमेरिकेच्या कृषी विभागाच्या तक्त्यात ८९. मी आधी सरासरी काढणार होतो. सर म्हणाले, "आधी पाणी बघ." जुन्या भारतीय तक्त्यात शंभर ग्रॅम केळ्यात ७०.१ ग्रॅम पाणी आणि २७.२ ग्रॅम कर्बोदके आहेत. अमेरिकन तक्त्यात ७४.९ ग्रॅम पाणी आणि तंतू धरून २२.८ ग्रॅम कर्बोदके. म्हणजे तपासलेली केळीच निराळी होती.

मग कर्बोदके आणि प्रथिने प्रत्येकी ४ ने आणि स्निग्ध पदार्थ ९ ने गुणून पाहिले. भारतीय आकड्यांवरून बरोबर ११६ आले. अमेरिकन आकड्यांवरून मात्र ९८ आले, ८९ नव्हे. कारण त्यांनी फळांतील कर्बोदके ४ ऐवजी ३.६ ने गुणली आहेत. फळांतले सगळेच काही पचत नाही, हे त्यांनी गुणकातच धरले आहे. म्हणजे २७ कॅलरींच्या फरकातले ९ हिशोबाच्या पद्धतीचे आणि बाकीचे केळ्यांचे. दोन्ही तक्ते आपापल्या जागी बरोबर आहेत. सरासरी काढली असती, तर असा आकडा आला असता जो कोणत्याच केळ्याचा नाही.

मग आमच्या केळ्याला काय लिहायचे? एका तक्त्याने ८१, दुसऱ्याने १०६. आम्ही वहीत "८० ते १०५" असे लिहितो आणि बेरजेसाठी नेहमी भारतीय तक्ताच धरतो, म्हणजे रोजचे आकडे एकमेकांशी ताडता येतात. तीन ठिकाणी ८९ दिसले तरी ते तीन साक्षीदार मानत नाही, कारण बहुतेक वेळा सगळ्यांनी एकाच तक्त्यावरून उतरवलेले असते.

तक्त्यांतल्या भांडणाने एका केळ्यामागे २५ कॅलरींचा फरक पडला. साल न काढता वजन धरले असते, तर १०६ च्या जागी १६२ आले असते, म्हणजे ५६ चा फरक. आणि शंभर ग्रॅम म्हणजे एक इडली असे समजून मित्राची चूक तर दुपटीहून मोठी झाली होती. म्हणून आधी ग्रॅम ठरवायचे, मग तक्ता निवडायचा.

मित्राच्या कपाटाच्या दाराला आतून आता एक चिठ्ठी आहे: इडली ४२ ग्रॅम, ५५. केळे सोलून ९१ ग्रॅम, ८० ते १०५. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तो पाच इडल्या घेतो.